दहाव्याच्या प्रवचनात काय बोलावे

खानवेलला साकरतोडच्या काठी दहाव्याला माणसे जमतात तेव्हा गेलेल्याचे गुण सांगून प्रवचन संपवण्याची रीत आहे. माणूस आत्महत्येने गेलेला असेल तर ही रीत पुरत नाही. काठावर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो, आणि बोलणाऱ्याने तो टाळला की सगळे मान खाली घालतात. बोलणारा महाराज असो, भगत असो की चर्चचा फादर, अडचण तीच.

पहिली अडचण शब्दाची. ‘आत्महत्या केली’ म्हणताना ‘हत्या’ आणि ‘केली’ असे दोन आरोप एका दमात होतात. ‘जीव दिला’ म्हटले तर त्याला त्यागाचा रंग चढतो. सर्वांत घातक मात्र ‘सुटला बिचारा’. हे मायेने म्हटले जाते, पण त्याच गर्दीत मागे एखादा असा बसलेला असतो, ज्याला स्वतःलाच सुटायचे आहे. त्याला तो रस्ता वाटतो. म्हणून साधे म्हणावे, ‘आत्महत्येने त्याचे निधन झाले.’ कसे, कुठे, हे मुळीच सांगू नये.

दुसरी अडचण शास्त्राची. आत्मघात करणाऱ्याला उदक देऊ नये, असे स्मृतिग्रंथांत आहे, आणि घरच्यांना कोणीतरी ते ऐकवतोच. पण पुढच्या शास्त्रकारांनी अशाच मृत्यूंसाठी नारायणबळीचा विधी सांगितला. म्हणजे दार बंद राहिले नाही. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचे दफन नाकारले होते. १९८३ च्या कायद्यातून ते कलम गेले. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता, असेच गृहीत धरतो. बोलणाऱ्याने यातले एकच सांगावे, समोरच्यांना जवळचे वाटेल ते.

कलंक अटळ असतो असेही नाही. २२ फेब्रुवारी २०२१ ला दादरा-नगर हवेलीचे खासदार मोहन डेलकर यांचा मुंबईत मृत्यू झाला. तो आत्महत्येचा असल्याचे पोलिसांनी सांगितले. त्याच वर्षी पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी कलाबेन निवडून आल्या. राजकारणाची कारणे बाजूला ठेवली तरी, लोकांनी त्या घराकडे पाठ फिरवली नाही, हे दिसते. साध्या घरालाही तेवढेच हवे असते.

आता अपराधाची गोष्ट. समजा, सिल्वासाच्या कंपनीत पाळीवर जाणारा तिशीतला मुलगा गेला. थोरला भाऊ म्हणतो, “आदल्या रात्री त्याचा फोन आला होता. मी उचलला नाही.” यावर बहुतेक लोक लगेच म्हणतात, “तुझा काही दोष नाही.” बोलणे खरे असते, पण घाईचे, आणि भावाला वाटते की आपले ऐकूनच घेतले नाही. प्रवचनकाराने आधी ते ओझे उघड मांडावे, मग दोन काळ वेगळे करावेत:

“ज्याच्या मनात ‘मी तेव्हा असे केले असते तर’ हे फिरत आहे, त्याला मी सांगतो. त्या रात्री तो फोन इतर फोनांसारखाच होता. तो शेवटचा होता हे आज कळले. आजचे ज्ञान त्या रात्रीच्या माणसाच्या माथी मारू नका. गेलेल्याच्या मनात किती गोष्टी साठल्या होत्या, हे आपल्यापैकी कोणालाही पूर्ण माहीत नव्हते.”

‘किती गोष्टी’ हे शब्द मुद्दाम आहेत. कर्ज, दारू, आजार, भांडण यांतले एकच कारण ठरवले की गाव लगेच एक दोषी शोधतो, आणि बहुधा ती बायको असते. एकट्या भांडणाने माणूस जात नाही. तेच भांडण हजार घरांत होते. तिच्याकडे बोट दाखवणाऱ्याला प्रवचनातच, नाव न घेता, थांबवावे.

शेवटचा भाग पुढच्या दिवसांचा. तेरावे झाले की पाहुणे पांगतात, आणि घर खरे रिकामे महिनाभराने होते. म्हणून ‘काही लागले तर सांगा’ याऐवजी काठावरच ठरवून घ्यावे: सोमवारी कोण जेवण नेणार, बँकेच्या कागदांसाठी बायकोबरोबर कोण जाणार, मुलांशी कोण बोलणार. मुलांना ‘बाबा गावाला गेले’ सांगू नये. एक दिवस शाळेत दुसरेच कोणीतरी खरे सांगेल, आणि विश्वास तुटेल.

घरच्यांतले कोणी झोपत नसेल, खात नसेल, ‘मीच जायला हवे होते’ म्हणत असेल, तर सरळ विचारावे, “तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?” विचारल्याने ते विचार येत नाहीत, उलट बोलायला जागा मिळते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस फुकट चालतो, मराठीतही बोलता येते. खानवेलच्या सरकारी दवाखान्यात नेताना शेजाऱ्याने त्याच्याबरोबर आत जावे, कारण दारातूनच परत फिरणारे बरेच असतात.