शाफ्टची गोलाई-तपासणी (व्ही-ब्लॉक व डायल पद्धत)

दंडगोलाकार शाफ्टचा आडवा छेद खऱ्या वर्तुळापासून किती ढळला आहे, हे शाफ्ट इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचेत ठेवून, त्याच्या माथ्यावर डायलचे टोक टेकवून व शाफ्ट हाताने सावकाश एक फेरा फिरवून अजमावण्याची कारखान्यांतील रूढ पद्धत. तिला त्रिस्पर्श पद्धत असेही म्हणता येईल. कारण खाचेच्या दोन भिंती आणि डायलचे टोक अशा तीन ठिकाणी शाफ्टला स्पर्श होतो, आणि काटा जे दाखवितो ते या तिन्ही स्पर्शांचे मिळून झालेले फलित असते, केवळ माथ्यावरच्या उंचसखलपणाचे नव्हे. या पद्धतीतील बहुतेक गैरसमजांचे मूळ ही गोष्ट नजरेआड होण्यात आहे.

मांडणी साधी असली तरी ती काटेकोर असावी लागते. सरफेस प्लेटवर ठोकळा आणि स्टँड पुसून ठेवावे, एक मायक्रॉनचे (०·००१ मि.मी.) विभाग असलेला डायल घ्यावा, आणि त्याची दांडी खाचेच्या कोनाच्या दुभाजकावर व शाफ्टच्या अक्षाशी काटकोनात येईल अशी तजवीज करावी. शाफ्ट फिरताना पुढेमागे सरकू नये म्हणून त्याच्या एका टोकाच्या मध्यभागी पोलादी गोळीचा अडसर लावतात. ज्या छेदाची परीक्षा करावयाची तोच छेद खाचेवर टेकलेला असला पाहिजे; लांब शाफ्ट दोन ठोकळ्यांवर दोन्ही टोकांशी ठेवून मध्यावर डायल लावला, तर शाफ्टचा बाकही वाचनात मिसळतो आणि गोलाईचा दोष कोणता व वाकडेपणाचा कोणता याची शहानिशा करता येत नाही.

आता मुख्य प्रश्न लोबांचा. शाफ्टच्या परिघावर समान अंतराने येणाऱ्या उंचवट्यांना लोब म्हणतात. दोन लोबांचा शाफ्ट म्हणजे लंबवर्तुळ. परंतु तीन, पाच, सात अशा विषम संख्येचे लोब अधिक फसवे असतात, कारण जेथे उंचवटा असतो त्याच्या बरोबर समोर खोलगट भाग येतो, त्यामुळे कोणत्याही दिशेने मोजलेला व्यास जवळजवळ सारखाच भरतो आणि मायक्रोमीटर निर्दोषपणाचा दाखला देऊन मोकळा होतो. असे लोब विशेषतः सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये उद्भवतात. त्या यंत्रात काम दोन सेंटरांमध्ये धरलेले नसून घासणारे चाक, नियामक चाक आणि आधारपट्टी यांच्यामध्ये नुसते टेकलेले असते, म्हणजे शाफ्टचा पृष्ठभाग हाच त्याचा स्वतःचा आधार होतो. कामाचे केंद्र दोन्ही चाकांच्या केंद्ररेषेवरच राहिले तर नियामक चाकाखाली आलेला उंचवटा कामाला पुढे रेटतो आणि समोरच्या बाजूस खोलगट भाग कापला जातो, व्यास मात्र कायम राहतो. म्हणूनच जाणता कारागीर आधारपट्टी चढवून काम केंद्ररेषेच्या वर ठेवतो.

व्ही-ब्लॉकवर लोबांचे काय होते हे ६०° च्या खाचेत स्वच्छ दिसते. त्या खाचेचे दोन स्पर्शबिंदू माथ्यापासून १२०° अंतरावर असतात. तीन लोबांचा शाफ्ट फिरताना एक लोब डायलखाली आला की उरलेले दोन नेमके दोन्ही भिंतींवर येतात, आणि तिरप्या भिंतींमुळे संपूर्ण शाफ्ट लोबाच्या उंचीच्या दुप्पट उचलला जाऊन माथ्यावरच्या लोबाची उंची त्यात भर घालते, म्हणजे काटा मूळ दोषाच्या तिप्पट हलतो. याच खाचेत पाच लोबांचा शाफ्ट ठेवला तर मात्र माथ्यावर उंचवटा येण्याच्या क्षणी भिंतींवर सखल भाग येऊन शाफ्ट तेवढाच खाली बसतो, दोन्ही हालचाली परस्परांना खाऊन टाकतात, आणि काटा स्तब्ध राहतो. सामान्यतः खाचेचा कोन α आणि लोबांची संख्या n असल्यास वाचन मूळ दोषाच्या किती पट होईल हा गुणक असा मिळतो, त्याचे चिन्ह सोडून केवळ मूल्य घ्यावयाचे:

F = 1 + cos[n(90° + α/2)] / sin(α/2)

कारखान्यात सर्रास आढळणाऱ्या ९०° च्या खाचेसाठी हा गुणक दोन लोबांना १, तीन व पाच लोबांना २, चार लोबांना सुमारे ०·४ आणि सात लोबांना शून्य येतो. १२०° च्या खाचेत तीन लोबांना १, पण पाच आणि सात दोहोंना २.

एक उदाहरण सविस्तर पाहणे उपयोगी होईल. २० मि.मी. व्यासाची, h6 सहिष्णुतेची, म्हणजे १९·९८७ ते २०·००० या मर्यादांतील एक पिन घ्या. मायक्रोमीटर सर्व दिशांनी १९·९९५ दाखवितो, तरी ती नेमक्या २०·००० च्या रिंग गेजमध्ये शिरत नाही. ६०° च्या ठोकळ्यावर काटा हलत नाही; सबब पिन गोल आहे आणि गेजच बिघडला आहे असा निर्णय देण्याचा मोह येथे होतो. तीच पिन ९०° च्या ठोकळ्यावर ठेवली की एका फेऱ्यात काटा पाच वेळा वर-खाली होतो आणि त्याचा एकूण प्रवास १२ मायक्रॉन भरतो. काट्याची आवर्तने मोजली की लोबांची संख्या कळते, ही संख्या पाच, म्हणून १२ ला २ ने भागावयाचे : गोलाईचा दोष ६ मायक्रॉन, म्हणजे सरासरी वर्तुळापेक्षा उंचवटे ३ मायक्रॉन वर. पिनीला बाहेरून वेढणाऱ्या वर्तुळाचा व्यास त्यामुळे ६ मायक्रॉनने वाढून २०·००१ होतो, आणि गेजची तक्रार रास्त ठरते.

येथे एका परिपाठाविषयी सांगणे अवश्य आहे. काट्याच्या वाचनाची निमपट करून तीच गोलाईची चूक म्हणून नोंदवहीत लिहिण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. ९०° च्या खाचेत तीन वा पाच लोब असतील तर ती योगायोगाने बिनचूक ठरते. लंबवर्तुळाकार शाफ्टला मात्र तोच नियम लावला तर खऱ्या दोषाचा अर्धाच भाग लिहिला जातो आणि नापसंत करण्याजोगा माल बहाल होतो. सेंटरांमधील शाफ्टची उत्केंद्रता काढताना वाचन निमपट करणे योग्य असते, बहुधा तेथूनच ही सवय इकडे आली असावी. व्ही-ब्लॉकवर तर केंद्र सरकल्याचा दोष काट्याला कळतच नाही, कारण n = १ साठी गुणक कोणत्याही खाचेत शून्यच येतो.

यावरून काट्याच्या स्तब्धतेला एकट्या खाचेच्या साक्षीवर पुरावा मानता येत नाही. दोन निरनिराळ्या कोनांचे ठोकळे आणि मायक्रोमीटर यांची एकत्र साक्ष घेतली तर बहुतेक लोब कोठे ना कोठे उघडे पडतात : सात लोबांचा शाफ्ट ९०° च्या खाचेत लपला तरी १२०° च्या खाचेत दुप्पट बोलतो, आणि सम लोब मायक्रोमीटरखाली दुप्पट दिसतात. विषम लोबांसाठी १०८° चा ठोकळा विशेष गुणी आहे. तीन व सात लोबांना त्याचा गुणक १·३८ आणि पाच लोबांना २·२४ येतो, म्हणजे या तिघांपैकी एकही त्यात निसटत नाही, मात्र चार आणि सहा लोबांना तो पूर्ण आंधळा आहे.

एकाच शाफ्टवर तीन आणि पाच लोब मिसळले, किंवा लोबांचे अंतर असमान असले, की काट्याची आवर्तने ठळक मोजता येत नाहीत, कोणत्या गुणकाने भागावे हे ठरत नाही, आणि या पद्धतीच्या हिशेबाला मर्यादा पडते. अशा वेळी अतिशय अचूक फिरत्या स्पिंडलवर शाफ्टचा परिघ रेखाटणारे गोलाई-मापन यंत्र वापरावे लागते. तेथे शाफ्टच्या पृष्ठभागावर आधार नसल्याने एका लोबाचा दुसऱ्या स्पर्शबिंदूवरचा परिणाम वाचनात उतरत नाही.