सत्याग्रहाची गृहीतके आणि मर्यादा : महाडचा धडा

सत्याग्रह म्हणजे अन्यायाला नकार देणे, हात न उगारणे आणि त्याबद्दल होणारा त्रास स्वतः सोसणे. गांधीजींच्या मांडणीत यामागे दोन गृहीतके आहेत. संपूर्ण सत्य कोणाच्याच हाती नसते, म्हणून ते दुसऱ्यावर बळाने लादता येत नाही. आणि सोसणाऱ्याकडे पाहून विरोधकाचा विवेक जागा होतो. ढोकी परिसरातील तरुणांशी बोलताना आम्हाला नेहमी विचारले जाते, "समोरच्याचा विवेक जागा झालाच नाही तर?" याचे उत्तर महाडमध्ये सापडते.

महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांसाठी खुले केले होते, पण ते कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मंदिरात शिरणार असल्याची अफवा उठवून जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना प्रतिहल्ल्यापासून रोखले. मार सोसला, हात उगारला नाही. तरीही विवेक जागा झाला नाही. उलट तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

इथे पहिली मर्यादा दिसते. सोसण्याचा परिणाम व्हायचा तर विरोधकाने सोसणाऱ्याला माणूस मानावे लागते. ज्याच्या स्पर्शानेच पाणी बाटते, त्याच्या जखमा पाहून कोणाचे मन हलणार?

दुसरी मर्यादा किमतीची. सत्याग्रही स्वतःच्या इच्छेने त्रास पत्करतो. पण गावातले काम आणि पाणी सवर्णांच्या हाती असेल, तर बहिष्काराची झळ घरात राहिलेल्या बाया-लेकरांनाही बसते. त्यांची संमती कोणी घेतलेली असते?

डिसेंबर 1927 मध्ये पुन्हा तळ्यावर जायचे ठरले. विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. लोक तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी मात्र सत्याग्रह तहकूब करून खटला लढवला. 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला, कारण वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचे विरोधकांना सिद्ध करता आले नाही. म्हणजे न्यायालयानेही समतेचे तत्त्व मान्य केले नव्हते. पाणवठ्यावर जातीमुळे मज्जाव करता येणार नाही, हे पुढे संविधानाच्या 15 व्या कलमाने सांगितले.

मग महाड वाया गेले का? नाही. विरोधक बदलला नाही, पण पाणी पिणारा बदलला. हक्क मागण्याची सवय लागली आणि प्रश्न न्यायालयात गेला. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर 1930 पासून काही वर्षे सत्याग्रह चालला, तरी दार उघडले नाही. 1935 मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितले की, घटनात्मक मार्ग उपलब्ध असताना सत्याग्रह, असहकार यांसारखे मार्ग सोडून द्यावेत. याचा अर्थ अन्याय गिळावा असा नाही. आंदोलन ठरवताना आम्ही तीन प्रश्न विचारतो : समोरच्याला कशामुळे माघार घ्यावी लागेल? त्रास कोण सोसणार, आणि त्यांना विचारले आहे का? कायद्याचा कोणता मार्ग अजून वापरलेला नाही?