निश्चित समाकल : बेरजेची सीमा

निश्चित समाकल. एखाद्या अंतरालाचे लहान लहान भाग पाडायचे, प्रत्येक भागाच्या रुंदीला त्या भागातल्या एखाद्या बिंदूवरच्या फलनाच्या किमतीने गुणायचे आणि सगळे गुणाकार एकत्र मिळवायचे. भाग बारीक होत गेले की ही बेरीज एका ठरावीक संख्येजवळ सरकत जाते. ती संख्या म्हणजे त्या फलनाचा त्या अंतरालावरील निश्चित समाकल. फलन धन असेल, तर हीच संख्या आलेखाखालचे क्षेत्रफळ देते. बारावीच्या वर्गांत हा भाग ‘लिमिट ऑफ सम’ याच नावाने ओळखला जातो.

भाग सारख्या रुंदीचे घेतले आणि प्रत्येक भागाच्या उजव्या टोकाची किंमत वापरली, तर व्याख्या अशी लिहिता येते :

∫ₐᵇ f(x) dx = lim (n→∞) h · Σ f(a + rh), r = 1, 2, …, n, h = (b − a)/n

संतत फलनांसाठी समाकलाची अशी रोखठोक व्याख्या फ्रेंच गणिती ऑगस्टिन-लुई कोशी यांनी १८२३ मध्ये छापलेल्या आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकात दिली. त्याआधीच्या शतकात समाकलन म्हणजे अवकलनाची उलट क्रिया, अशीच समजूत रुळली होती. कोशींनी बेरीज पाया म्हणून घेतली आणि उलट क्रियेचा संबंध त्यावरून सिद्ध केला. १८५४ मध्ये बर्नहार्ट रीमान यांनी संततपणाची अट सोडून हीच कल्पना आणखी फलनांना लागू केली, म्हणून अशा बेरजांना आज रीमान बेरजा म्हणतात.

व्याख्या कशी काम करते हे एका छोट्या उदाहरणात नीट दिसते. f(x) = x² हे फलन आणि १ ते ३ हे अंतराल घेऊ. अंतरालाची लांबी २, म्हणून n भाग पाडल्यावर प्रत्येक पट्टीची रुंदी h = 2/n. पहिल्या पट्टीचे उजवे टोक 1 + 2/n, दुसऱ्या पट्टीचे 1 + 4/n आणि r क्रमांकाच्या पट्टीचे 1 + 2r/n. त्या टोकाशी पट्टीची उंची :

(1 + 2r/n)² = 1 + 4r/n + 4r²/n²

सगळ्या पट्ट्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज Sₙ म्हणू. r बदलत असताना n स्थिर असतो, म्हणून n असलेले सगळे गुणक Σ या चिन्हाबाहेर काढता येतात :

Sₙ = (2/n) · [ Σ1 + (4/n) Σr + (4/n²) Σr² ]

इथे प्रश्नाचे रूपच बदलते. वक्राखालच्या जागेबद्दलचा प्रश्न आता पहिल्या n संख्यांची आणि त्यांच्या वर्गांची बेरीज किती, एवढाच उरला. Σ1 म्हणजे एक हा आकडा n वेळा, म्हणून n. Σr म्हणजे n(n + 1)/2. वर्गांच्या बेरजेचे सूत्र मात्र पाठ करण्यापेक्षा एकदा स्वतः काढून पाहण्यासारखे आहे, कारण समाकलाच्या उत्तरात पुढे दिसणारा एक-तृतीयांश तिथूनच येतो.

सुरुवात या साध्या विस्तारापासून करायची :

(r + 1)³ − r³ = 3r² + 3r + 1

यात r ला १ पासून n पर्यंतच्या किमती देऊन सगळ्या ओळी मिळवल्या, तर डावीकडे 2³ − 1³, 3³ − 2³, 4³ − 3³ असे एकामागून एक पद कटत जाते आणि शेवटी फक्त (n + 1)³ − 1 उरते. उजवीकडे 3Σr² + 3n(n + 1)/2 + n. त्यातून Σr² मोकळा केला, की

Σr² = n(n + 1)(2n + 1)/6

हे सूत्र भारतीय गणिताला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीय’ ग्रंथाच्या गणितपादात वर्गांच्या आणि घनांच्या बेरजेचे नियम एकाच श्लोकात दिले आहेत. पुढे सोळाव्या शतकात केरळात ज्येष्ठदेवांनी मल्याळममध्ये लिहिलेल्या ‘युक्तिभाषा’ ग्रंथात याच्याही पुढची गोष्ट येते : n खूप मोठा असेल, तर पहिल्या n संख्यांच्या k-व्या घातांच्या बेरजेची किंमत जवळपास nᵏ⁺¹/(k + 1) इतकी असते. चाप आणि परिघ यांच्या श्रेणी काढण्यासाठी केरळातल्या गणितींनी हे फलित वापरले. xᵏ च्या समाकलात छेदस्थानी येणारा k + 1 आणि हा k + 1 एकच आहेत.

आता सूत्रे Sₙ मध्ये भरू :

Sₙ = (2/n) · n + (8/n²) · n(n + 1)/2 + (8/n³) · n(n + 1)(2n + 1)/6

सोपे रूप दिल्यावर :

Sₙ = 2 + 4(1 + 1/n) + (4/3)(1 + 1/n)(2 + 1/n)

n अमर्याद वाढला की 1/n शून्याकडे जातो. पहिले पद २, दुसरे ४ आणि तिसरे 8/3. म्हणून

∫₁³ x² dx = 2 + 4 + 8/3 = 26/3

प्रतिअवकलज वापरून हेच उत्तर एका ओळीत येते : (27 − 1)/3. तरीही लांबच्या वाटेने जाण्यात जास्त काही हाती लागते. Sₙ चा विस्तार पूर्ण केला, तर

Sₙ = 26/3 + 8/n + 4/(3n²)

असे मिळते. म्हणजे अंतिम उत्तर तर कळतेच, शिवाय n पट्ट्या घेतल्यावर नेमकी किती चूक राहते हेही कळते. चार पट्ट्यांसाठी बेरीज १०.७५ येते, दहांसाठी ९.४८, शंभरांसाठी सुमारे ८.७४६८, तर खरी किंमत ८.६६६६… आहे. पट्ट्या दहापट केल्या की चूक साधारण एक-दशांश होते, आणि ती 8/n या पदामुळे होते. हे पद x² वाढत असल्यामुळे आले आहे : उजव्या टोकाची उंची पट्टीतली सर्वांत मोठी उंची असते, म्हणून प्रत्येक पट्टी वक्राच्या वर थोडी डोकावते. डावी टोके घेतली, तर हेच पद ऋण चिन्हाने येते आणि चार पट्ट्यांची बेरीज ६.७५ भरते. पट्टीच्या मध्यबिंदूची उंची घेतली, तर 1/n चे पद उरतच नाही. तेव्हा बेरीज 26/3 − 2/(3n²) होते आणि चार पट्ट्यांतच ८.६२५ पर्यंत पोहोचते. सीमा तिन्ही वेळा एकच, तिच्यापर्यंत जाण्याचा वेग मात्र वेगळा.

डाव्या-उजव्या बेरजांची ही जोडी उत्तर तपासायला फार उपयोगी पडते. फलन अंतरालभर वाढते असेल, तर खरे उत्तर या दोन बेरजांच्या मधेच असले पाहिजे. इथे ते ६.७५ आणि १०.७५ यांच्या दरम्यान हवे. Σ1 ची किंमत n ऐवजी १ धरणे ही नेहमीची चूक आहे. ती केली की पहिले पद 2/n होऊन सीमेत नाहीसे होते आणि उत्तर 20/3, म्हणजे सुमारे ६.६७ येते. ते ६.७५ पेक्षा कमी आहे, एवढ्यावरून चूक पकडता येते. a + rh लिहिताना a विसरला, तर उंची फक्त (2r/n)² उरते आणि उत्तर 8/3 येते. ते चुकीचे असले तरी निरर्थक नाही : ते ० ते २ या अंतरालावरचा x² चा समाकल आहे, फक्त विचारलेला तो नव्हे. बाहेरचा h गुणायचा राहिला, तर बेरीज n सोबत वाढतच जाते आणि सीमाच मिळत नाही.

याहून खोल चूक म्हणजे बेरीज पूर्ण होण्याआधीच n अनंताकडे नेणे. प्रत्येक पट्टीचे क्षेत्रफळ एकेकटे शून्याकडे जाते, त्यामुळे सगळी पदे शून्य मानून उत्तर शून्य काढणारे विद्यार्थी भेटतात. पण पदे लहान होत असताना त्यांची संख्याही तितक्याच वेगाने वाढते. म्हणून क्रम बदलून चालत नाही : आधी Σ चे बंदिस्त सूत्र, r पूर्णपणे गेलेला, आणि मगच सीमा.

ही रीत बहुपदींसाठी हमखास चालते, कारण त्यांची बेरीज शेवटी Σr, Σr², Σr³ अशा बेरजांवरच येते. √x साठी मात्र सारख्या पट्ट्या घेतल्या की १ ते n पर्यंतच्या वर्गमुळांची बेरीज लागते, आणि तिला असे सुटसुटीत सूत्र नाही. तिथे पट्ट्यांची रुंदी बदलणे हा सुंदर उपाय आहे. ० ते १ या अंतरालावर भागबिंदू r²/n² घ्यायचे. त्यांची वर्गमुळे r/n होतात, r क्रमांकाच्या पट्टीची रुंदी (2r − 1)/n² होते आणि बेरीज

Σ (r/n) · (2r − 1)/n² = (1/n³)(2Σr² − Σr)

अशी ओळखीच्या सूत्रांवर येऊन ठेपते. सीमा 2/3. पट्ट्या सारख्या नसल्या तरी सर्वांत रुंद पट्टीची रुंदी, (2n − 1)/n², शून्याकडे जाते, म्हणून हे चालते. पट्ट्यांची संख्या नुसती वाढून पुरत नाही, सर्वांत रुंद पट्टीही बारीक व्हावी लागते. पिएर द फेर्मा यांनी सतराव्या शतकात अशाच असमान पट्ट्या वापरल्या होत्या. त्यांच्या पट्ट्यांची टोके भूमितीय श्रेढीत होती आणि त्यामुळे अपूर्णांक घातांकांचीही क्षेत्रफळे त्यांना काढता आली.

सारख्या पट्ट्या आणि उजवी टोके ही सोय आहे, संपूर्ण व्याख्या नव्हे. डिरिक्ले यांनी १८२९ मध्ये मांडलेल्या फलनाच्या नमुन्यावर हे स्पष्ट दिसते. परिमेय संख्येवर १ आणि अपरिमेय संख्येवर ० अशी किंमत असलेले फलन १ ते ३ वर घेतले, तर भागबिंदू 1 + 2r/n सगळे परिमेय असतात. त्यामुळे n कितीही असो, बेरीज २ च येते आणि सीमाही २ मिळते. पण प्रत्येक पट्टीत टोकाऐवजी एक अपरिमेय बिंदू निवडला, तर बेरीज थेट शून्य होते. रीमान यांच्या व्याख्येनुसार कोणतीही विभागणी आणि कोणतेही बिंदू घेतले तरी सीमा एकच यावी लागते, म्हणून या फलनाला तिथे समाकल नाही. बंद अंतरालावर संतत असलेल्या फलनांबाबत ही अडचण येत नाही. त्यांना सीमा नेहमी असते आणि ती बिंदूंच्या निवडीवर अवलंबून नसते. x² साठी फक्त उजव्या टोकांची एक बेरीज हिशेबात घेणे पुरले, ते याच कारणाने.