वेको, १९९३: सात शिक्के आणि ५१ दिवस

आजचा भाग धर्म-अभ्यासाच्या मॉड्यूलमधल्या ‘नवधार्मिक चळवळी’ या विषयावर. व्याख्या सुरुवातीलाच उरकू आणि मग थेट टेक्सासला जाऊ. तिथे काय घडलं ते कळलं की अभ्यासक हा विषय का धरून बसतात, ते वेगळं सांगावं लागणार नाही.

आधी शब्द. बातम्यांमध्ये ‘कल्ट’ हा शब्द आपण सर्रास ऐकतो. समाजशास्त्रात तो पूर्वी शिवीसारखा वापरला जात नव्हता. जुन्या धर्मातून भांडून फुटलेला गट म्हणजे ‘सेक्ट’, आणि त्या समाजाला पूर्ण नवीन असलेला किंवा बाहेरून आलेला गट म्हणजे ‘कल्ट’, अशी साधी वाटणी होती. पण १९७० च्या दशकात वर्तमानपत्रांत ‘कल्ट’ म्हटलं की वेडा गुरू आणि भुलवलेली पोरं, एवढंच चित्र उभं राहायला लागलं. म्हणून अभ्यासकांनी ‘नवधार्मिक चळवळ’ असा थंड डोक्याचा शब्द घेतला. आपल्याकडे ‘पंथ’ किंवा ‘संप्रदाय’ म्हटलं की कुणी दचकत नाही. वारकरी संप्रदाय, महानुभाव पंथ असं आपण सहज म्हणतो. त्यामुळे ‘कल्ट’चं भाषांतर ‘पंथ’ असं केलं की अर्थ घसरतो, हे पेपर लिहिताना लक्षात ठेवा.

‘नव’ हा शब्दही तितकाच निसरडा आहे. इस्कॉनची स्थापना १९६६ मध्ये न्यूयॉर्कला झाली. अमेरिकन माणसासाठी ही एकदम नवी गोष्ट होती, पण तिची परंपरा सोळाव्या शतकातल्या चैतन्य महाप्रभूंपर्यंत जाते. म्हणजे कुठे आणि कुणासाठी नवं, हे सांगितल्याशिवाय व्याख्या पुरी होत नाही.

आता वेको. टेक्सासमधल्या या शहराबाहेर माउंट कार्मेल नावाची वसाहत होती. तिथे ब्रँच डेव्हिडियन नावाचा ख्रिस्ती गट राहायचा. हा गट सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चच्या परंपरेतून फुटलेला आणि १९३० च्या दशकापासून त्या भागात असलेला. जुन्या वाटणीप्रमाणे तो ‘सेक्ट’ ठरतो. पण टीव्हीवर मात्र तो कायम ‘कल्ट’च होता. त्यांचा नेता डेव्हिड कोरेश. त्याच्यावर अल्पवयीन मुलींशी लैंगिक संबंध ठेवल्याचे गंभीर आरोप होते, आणि बेकायदा शस्त्रांचा संशयही होता.

२८ फेब्रुवारी १९९३ ला केंद्रीय शस्त्र-नियंत्रण खात्याने तिथे छापा घातला. गोळीबार झाला, त्या दिवशी ४ अधिकारी आणि ६ डेव्हिडियन मेले. मग एफबीआयने वेढा टाकला, तो चालला ५१ दिवस.

वाटाघाटींत कोरेश तासन् तास ‘सात शिक्क्यां’बद्दल बोलायचा. ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांना ही निव्वळ बायबलची बडबड वाटली. त्या रात्री टीव्हीवर हेच शब्द ऐकून जेम्स टेबर नावाच्या बायबल-अभ्यासकाचे कान टवकारले. बायबलचं शेवटचं पुस्तक ‘प्रकटीकरण’. त्यात सात शिक्के लावलेली एक गुंडाळी आहे आणि ती फक्त ‘कोकरा’ उघडू शकतो. बहुतेक ख्रिस्ती लोकांसाठी कोकरा म्हणजे येशू. कोरेशचा दावा होता की या काळात शिक्के उघडणारा तो स्वतः आहे.

खरी गोम पाचव्या शिक्क्यात आहे. तिथे धर्मासाठी मारले गेलेले लोक न्याय मागतात, आणि त्यांना सांगितलं जातं की थोडा काळ थांबा, तुमचे आणखी काही भाऊबंद मारले जायचे आहेत. आता आतल्या लोकांच्या जागी बसून बघा. आपली सहा माणसं मेलीत, बाहेर रणगाडे उभे आहेत. रोज दबाव वाढवला, वीज तोडली, रात्रभर कर्कश आवाज लावले, तर त्यांना काय वाटणार? हेच लिहिलं होतं, आणि उरलेलं मरणही येणारच! पोलिसांच्या हिशोबात दबाव म्हणजे शरणागती. आतल्या हिशोबात दबाव म्हणजे भाकितावर शिक्कामोर्तब.

टेबर आणि त्यांचे सहकारी फिलिप अर्नोल्ड यांनी १ एप्रिलला रेडिओवरून या मजकुराचा दुसरा अर्थ मांडला. त्यांचं म्हणणं असं, की तो ‘थोडा काळ’ लांबू शकतो आणि त्यात कोरेशला आपला संदेश लिहिता येईल. त्याची टेपही आत पोचली. १४ एप्रिलला कोरेशचं पत्र आलं: सात शिक्क्यांवर लिहितो आणि मग बाहेर येतो. एफबीआयला ही टाळाटाळ वाटली. त्यांचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता, कारण मार्चच्या सुरुवातीला त्याने बाहेर यायचं कबूल करून शब्द फिरवला होता. १९ एप्रिलला रणगाड्यांनी भिंती फोडून अश्रुधूर सोडला. नंतर आग लागली. आत ७६ माणसं मेली, त्यांत बरीच लहान मुलं होती. पुढच्या सरकारी चौकशीने आग आतल्या लोकांनीच लावल्याचा निष्कर्ष काढला. एक बाई आगीतून वाचून बाहेर आली, तिच्याजवळ कॉम्प्युटरची डिस्क सापडली. त्यात पहिल्या शिक्क्यावरचं लेखन पूर्ण झालेलं होतं.

वेळ दिला असता तर तो बाहेर आलाच असता, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तो खरोखर लिहीत होता, हे त्या डिस्कने दाखवलं.

एवढं ऐकून ‘अभ्यासक बरोबर, पोलीस चूक’ असं उत्तर लिहिलंत तर ते अर्धवट राहील. दोन वर्षांनी, २० मार्च १९९५ ला, जपानमधल्या ओम शिनरिक्यो गटाने टोकियोच्या मेट्रोत सारिन हा विषारी वायू सोडला आणि त्यात १४ जणांचा जीव गेला. नंतर काही अमेरिकन अभ्यासक ओमच्याच खर्चाने जपानला गेले आणि या गटाला सारिन बनवणं शक्य नाही, असं पत्रकारांना सांगून बसले. हिरोमी शिमादा या जपानी अभ्यासकाला तर हल्ल्याआधीच ‘सत्यम्’ नावाची इमारत दाखवण्यात आली होती. त्यांना ते प्रार्थनास्थळ वाटलं. सारिनचा कारखाना तिथेच होता. शिमादांना पुढे प्राध्यापकी सोडावी लागली.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की सावधगिरी कशाची ते दिसतं. गटाची श्रद्धा समजून घ्यायची तर त्यांचं ऐकावंच लागतं. पण गट आपल्याला काय दाखवतो हे तोच ठरवतो, आणि सामान्य सभासदालाही सगळं माहीत नसतं. सोडून गेलेल्यांच्या बोलण्यात राग असू शकतो, पण आतला गुन्हा बहुतेकदा तेच उघड करतात. वेकोमधल्या मुलींबद्दलचे आरोपही आधी बाहेर पडलेल्यांनीच केले होते. म्हणून आतले, बाहेर पडलेले आणि कोर्टाची कागदपत्रं असं तिन्ही ताडून बघायचं. आणि पाहुणचार कुणी केला, तिकीट कुणी काढलं, हे अभ्यासकाबद्दलही विचारायचं.

एफबीआयनेही धडा घेतला. १९९६ मध्ये मोंटानात ‘फ्रीमेन’ या सशस्त्र गटाला वेढा पडला, तेव्हा त्यांनी धर्म-अभ्यासकांचा सल्ला घेतला आणि घाई केली नाही. ८१ दिवस लागले. एकही माणूस मेला नाही.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात!