स्टार्टरचं मॅन्युअल मराठीत करताना: कुठला शब्द ठेवायचा, कुठला बदलायचा?

आमच्या वसमतकडे, हळदीच्या पट्ट्यात, विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरचं मॅन्युअल बऱ्याचदा इंग्रजीच असतं. त्याचा फोटो काढून मराठी करताना माझा पहिला नियम: पेटीवर छापलेला शब्द तसाच ठेवायचा. बटणावर RESET असताना ‘पुनर्स्थापन करा’ लिहिलं, तर माणूस कुठलं बटण दाबणार? फेज, रिले, ट्रिप, अर्थिंग हे तर मेकॅनिकच्या तोंडचेच शब्द. ‘भूसंपर्कन’ कोशात शोभतं.

पण रुळलेला शब्दही फसवतो. ‘रिलेचा करंट सेट करा’ वाचून गोंधळ होतो, कारण आपल्याकडे करंट ‘लागतो’, म्हणजे शॉक. म्हणून मी लिहितो, ‘मोटरच्या पाटीवर जितके अँपिअर आहेत, तितक्यावर रिलेची चकती फिरवून ठेवा.’ (हे साध्या डीओएल स्टार्टरचं, स्टार-डेल्टात रिले बहुधा पाटीच्या सुमारे ५८ टक्क्यांवर लावतात.)

शब्दांपेक्षा आकडे जास्त तपासा. फोटोत टिंब पुसट असलं की ७.५ चे ७५ होतात. पाच एचपीची थ्री-फेज मोटर साधारण सात-आठ अँपिअर घेते. तिच्या रिलेच्या चकतीवर ७५ नसतोच. असा आकडा दिसला की मूळ फोटो मोठा करून बघा.