संत्रा-मोसंबीच्या सालींचे बायो-एन्झाइम : कृती, वापर आणि गैरसमज

संत्रा, मोसंबी किंवा लिंबाच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून तयार होणारे द्रावण बायो-एन्झाइम म्हणून ओळखले जाते. घर आणि गोठ्याच्या साफसफाईसाठी ते स्वस्त व उपयुक्त आहे. मात्र ते जंतुनाशक, खत आणि कीडनाशक म्हणूनही वापरले जाते, आणि नुकसान तिथेच होते.

तयार करण्याची पद्धत

प्रमाण गूळ १ भाग, साली ३ भाग आणि पाणी १० भाग असे ठेवावे. २० लिटरच्या प्लास्टिक कॅनसाठी १ किलो गूळ, ३ किलो ताज्या साली आणि १० लिटर पाणी पुरते. कॅनचा वरचा भाग रिकामा राहिलाच पाहिजे.

१. साली धुऊन बारीक तुकडे करा. बुरशी लागलेल्या साली घेऊ नका.
२. गूळ पाण्यात पूर्ण विरघळवून मग साली टाका.
३. झाकण लावून कॅन सावलीत ठेवा. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडा आणि वर आलेल्या साली काठीने खाली दाबा.
४. साधारण ९० दिवसांनी कापडातून गाळून घ्या. थंडीत वेळ जास्त लागतो.

झाकण सैल करण्यात कसूर नको. १ किलो गूळ पूर्ण आंबला तर २०० लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यामुळे काचेची बाटली फुटून इजा होऊ शकते. काचेचे किंवा धातूचे भांडे वापरू नका.

तयार झाले हे कसे ओळखावे?

द्रावण तपकिरी दिसते, त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि सामू पट्टीवर सामू ४ पेक्षा कमी येतो. वर पांढरा पातळ थर आला तर तो बहुधा यीस्टचा असतो, काळजी नको. काळी किंवा हिरवी केसाळ बुरशी दिसली, किंवा सडका वास आला, तर ते द्रावण वापरू नका.

ते काम कसे करते?

नावात एन्झाइम असले तरी इतक्या आम्लधर्मी द्रावणात बहुतेक एन्झाइम फारसे काम करत नाहीत. गुळातील साखरेपासून यीस्ट अल्कोहोल तयार करते, जिवाणू त्यापासून ॲसेटिक आम्ल बनवतात आणि सालीतून लिमोनीन हे तेल उतरते. आम्लामुळे क्षारांचा पांढरा थर सुटतो आणि लिमोनीनमुळे तेलकटपणा सैल होतो. फरशी पुसायला १ लिटर पाण्यात ५० मिली पुरते. नळ व बादलीवरच्या क्षारांसाठी न मिसळता लावून अर्ध्या तासाने घासा. शहाबादी, कडप्पा आणि संगमरवरी फरशीवर मात्र वापरू नका. हे दगड चुन्याचे असल्याने आम्लाने खरवडले जातात.

गैरसमज आणि वस्तुस्थिती

*‘ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळले की दुप्पट स्वच्छता होते.’* असे कधीही करू नका. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद गोठ्यात किंवा संडासात तो जीवघेणा ठरू शकतो.

*‘गोठा निर्जंतुक होतो.’* डाग आणि वास कमी होतो, पण खात्रीचे निर्जंतुकीकरण होत नाही. दुधाची भांडी, सडांची स्वच्छता आणि आजारी जनावराची जागा यासाठी पशुवैद्यकाने सुचवलेलेच जंतुनाशक वापरा.

*‘ठिबक संचातून सोडल्यास क्षार निघतात.’* द्रावणातील बारीक कण आणि उरलेली साखर यामुळे ड्रिपरमध्ये शेवाळ व चिकट थर वाढतो. ठिबकसाठी नेहमीची आम्ल प्रक्रियाच करा.

*‘खत आणि कीडनाशक म्हणून चालते.’* यात अन्नद्रव्ये नगण्य असतात. घट्ट द्रावण फवारल्यास पाने करपतात.

*‘तणनाशकाचा पंप याने स्वच्छ होतो.’* समजा, उसात २,४-डी फवारलेला पंप बायो-एन्झाइमने धुतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच पंपाने कपाशीवर फवारणी केली. २,४-डी आम्लात पाण्यात कमी विरघळते, त्यामुळे अंश टाकी, नळी आणि नोझलमध्ये राहतो. कपाशी या तणनाशकाला अतिशय संवेदनशील असल्याने थोड्या अंशानेही पाने पंज्यासारखी अरुंद होऊन वाकडी होतात. पंप धुण्यासाठी धुण्याचा सोडा वापरा, द्रावण नळीतूनही सोडा आणि शेवटी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. शक्य असल्यास तणनाशकासाठी पंप वेगळाच ठेवा.

गाळून उरलेला चोथा कंपोस्ट खड्ड्यात शेणासोबत थोडा थोडा टाकावा. तो आम्लधर्मी असल्याने झाडाच्या बुंध्याशी थेट घालू नये.