कॉन्टॅक्ट लेन्स : वापर थांबवणे व पुन्हा सुरू करणे

डोळा लाल झाला, दुखू लागला, चिपडे येऊ लागली किंवा धूसर दिसू लागले, तर लेन्स ताबडतोब काढून चष्मा लावावा. लेन्स वापरणाऱ्याचा लाल डोळा म्हणजे साधी डोळ्यांची साथ, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. साथीत सहसा खुपते, पाणी येते आणि एकामागून एक दोन्ही डोळे लाल होतात. याउलट एकाच डोळ्यात तीव्र वेदना, उजेड सहन न होणे, दृष्टी मंदावणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे ही बुबुळाच्या जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात. लेन्स काढल्यावरही ती टिकली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. स्यूडोमोनास या जिवाणूमुळे एक-दोन दिवसांतही बुबुळावर मोठा व्रण पडू शकतो. दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब तो आणखी चिघळवतात.

सर्दीत नाकाला लागलेला हात डोळ्याला लागतो आणि काही सर्दीच्या गोळ्यांनी डोळे कोरडे पडतात. बरे वाटेपर्यंत चष्माच बरा. ॲलर्जीत खाज थांबेपर्यंत लेन्स टाळावी, कारण परागकण व धूळ तिला चिकटून राहतात. काही थेंबांतील बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक मऊ लेन्स शोषून घेते. असे थेंब घातल्यावर निदान पंधरा मिनिटे लेन्स घालू नये.

डोळा पांढरा, वेदनारहित व स्वच्छ झाल्यावर आणि औषध संपल्यावरच लेन्स पुन्हा सुरू करावी. संसर्ग झाला असल्यास डॉक्टरांची परवानगी हवी. जुनी लेन्स, डबी व उघडलेले द्रावण तपासणीपर्यंत जपून ठेवावे, कारण त्यांतून जंतू ओळखता येतो. नंतर सारे टाकून नवे घ्यावे.